पेजवर कुणी नुसतं ‘नमस्कार’ लिहिलं तर काय उत्तर द्यावं? इंदूरच्या घरगुती व्यवसायांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, सुदामानगर, राजवाडा, विजयनगर… इंदुरात फराळ, मसाले, लोणची, साड्या किंवा पूजेचं साहित्य विकणारी कितीतरी मराठी घरं आता फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न सारखा येतो. पोस्टखाली कुणीतरी ‘नमस्कार’, ‘हॅलो’ किंवा ‘जी नमस्ते’ एवढंच लिहून थांबतं. आपण जे लिहू ते सगळं गाव वाचणार. मग लिहायचं काय? इथली उत्तरं अशाच छोट्या दुकानांसाठी आहेत, जिथे उत्तर देणारी व्यक्ती एक किंवा फार तर दोन असतात आणि त्यांचे हात बहुतेक वेळा पिठात असतात.

नुसत्या नमस्काराला उत्तर द्यायलाच हवं का? हार्ट दिलं तर चालत नाही का?

उत्तर द्या. नुसतं नमस्कार लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा प्रश्न असतोच. पलीकडे कुणी आहे का, विचारलं तर नीट बोलतील का, एवढं तो आधी चाचपून पाहतो. हार्ट दिलं की कुणीतरी कमेंट पाहिली एवढंच त्याला कळतं. पुढे बोलायचं की नाही, हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात.

शिवाय वाचणारा तो एकटा नसतो. आठवड्याने पलासियातली एखादी बाई तुमची चकलीची पोस्ट पाहते आणि खालच्या कमेंट वाचते. चार नमस्कार आणि चारही अनुत्तरित दिसले, तर हे दुकान चालू आहे की बंद पडलं, अशी शंका तिला येते. ती विचारत बसत नाही, दुसरीकडे जाते. म्हणून त्या एका ओळीचं उत्तर लिहिताना डोळ्यांसमोर दोन माणसं ठेवा, एक नमस्कार करणारा आणि दुसरा काही न लिहिता वाचणारा.

मग त्या उत्तरात नेमकं काय असावं?

आधी नमस्काराला नमस्कार. मग त्या दिवसांत प्रत्येक गिऱ्हाइकाला लागणारी एखादी माहिती. शेवटी समोरच्याला सहज उत्तर देता येईल असा एक प्रश्न. समजा, दिवाळीच्या फराळाच्या पोस्टखाली एका बाईंनी ‘नमस्कार’ लिहिलं. आपलं उत्तर असं असू शकतं:

“नमस्कार ताई! फराळाच्या ऑर्डरी वसुबारसेपर्यंत घेतोय, रामबागेतून संध्याकाळी 5 ते 8 मध्ये नेता येतील. तुम्हाला चिवडा-चकली हवी आहे की अनारसे?”

यात ताईंना हो-नाही म्हणण्याइतकं सोपं काहीतरी मिळालं. गप्प वाचणाऱ्याला शेवटची तारीख, जागा आणि वेळ कळली. शेवटचा प्रश्न मुद्दाम दोन पदार्थांची नावं घेऊन विचारला आहे. ‘आम्ही आपली काय सेवा करू शकतो?’ असं विचारलं की समोरच्याला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो. दोन नावं समोर असली की ‘अनारसे’ एवढं एका शब्दाचं उत्तर येतं आणि बोलणं सुरू होतं.

‘इनबॉक्स करा’ किंवा ‘डीएम’ एवढंच उत्तर मात्र देऊ नका. ज्या माणसाने चार लोकांत नमस्कार केला, त्याला आपण न बोलता आतल्या खोलीत यायला सांगतो आहोत, असं ते वाटतं. वाचणाऱ्याच्याही हाती काही लागत नाही. आत न्यायचंच असेल तर आधी बाहेर दोन शब्द बोला.

माहिती एकच द्या. पत्ता, यादी, भाव, घरपोच सेवेचे भाग, पैसे भरण्याचा मार्ग असं सगळं नमस्काराच्या उत्तरात ओतलं की ते जाहिरातीसारखं दिसतं आणि माणसाला उद्देशून लिहिलेलं वाटत नाही. ते सगळं मूळ पोस्टमध्ये लिहा.

उत्तर लिहिण्याआधी काही तपासायचं का?

हो, आणि या पानावरची ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे. आधी त्याच नावाचा मेसेज कुठे पडून आहे का ते पाहा. फेसबुकचा इनबॉक्स, इन्स्टाग्रामचा इनबॉक्स, अनोळखी लोकांचे मेसेज जिथे वेगळे पडतात तो इन्स्टाग्रामचा रिक्वेस्टचा कप्पा आणि दुकानाचं व्हॉट्सअॅप, सगळं. उघडपणे केलेला ‘हॅलो’ पुष्कळदा पहिला नसतो. आधी दुसरीकडे विचारलं, उत्तर आलं नाही, म्हणून तो माणूस चारचौघांत येऊन हाक मारतो. पुढे प्रश्नचिन्हं असतील, ‘हॅलो???’, तर जवळजवळ नक्कीच.

एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा, होळीच्या दोन दिवस आधी विजयनगरच्या एका बाईंनी 60 पुरणपोळ्यांची ऑर्डर दिली आणि निम्मे पैसे भरले. सकाळी त्यांनी इन्स्टाग्रामवर विचारलं, ‘पोळ्या किती वाजता मिळतील?’ तो मेसेज रिक्वेस्टमध्ये गेला आणि कुणी पाहिला नाही. संध्याकाळी त्यांनी फेसबुकवर पुरणपोळीच्या पोस्टखाली लिहिलं, ‘हॅलो’. दुकानाने घाईत उत्तर दिलं, “नमस्कार! होळीच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी सुरू आहेत, लवकर सांगा!” लगेच खाली आलं, ‘पैसे भरलेत, सकाळपासून विचारतेय.’ आता हे सगळे वाचतात. ज्यांनी अजून ऑर्डर दिली नाही, तेही.

इनबॉक्स आधी पाहिला असता तर पहिलंच उत्तर असं गेलं असतं: “नमस्कार ताई, तुमचा सकाळचा मेसेज आत्ता पाहिला, उत्तराला उशीर झाला, माफ करा. दहा मिनिटांत दुकानातून फोन करते.” आणि खरोखर दहा मिनिटांत फोन. पहिलं चुकीचं उत्तर गेलं असेल, तरी खाली हेच लिहायचं. कारणं द्यायची नाहीत, ‘सणाची गर्दी आहे हो’ वगैरे नको. गर्दी सगळ्यांना ठाऊक असते. वाचणाऱ्याला पुढे काय केलं ते पाहायचं असतं.

या उत्तरात 60 हा आकडा नाही, किती पैसे भरले ते नाही, विजयनगर नाही. समोरच्याने स्वतः लिहिलं असलं तरी आपण ते उघडपणे पुन्हा म्हणायचं नाही. कोणाच्या घरी किती पाहुणे येताहेत आणि कोणी किती पैसे दिले, ही त्या घराची गोष्ट आहे.

फोनवर निकाल लागला की त्याच कमेंटखाली आणखी एक ओळ टाका: “फोनवर बोलणं झालं, ताई. उद्या भेटू.” ही ओळ बहुतेक दुकानं टाकत नाहीत. मग नंतर येणाऱ्याला फक्त तक्रार दिसते, तिचं पुढे काय झालं ते दिसत नाही.

मराठीत उत्तर द्यावं की हिंदीत?

ज्या भाषेत नमस्कार आला, त्या भाषेत. ‘नमस्कार’ला मराठी, ‘नमस्ते जी’ला हिंदी. रोमन लिपीत आलेल्या नमस्काराला देवनागरीत उत्तर दिलं तरी चालतं, इंदुरात मराठी आणि हिंदी दोन्ही वाचणारे देवनागरीच वाचतात. ‘नमस्कार’ लिहिणारा मराठीच असेल असं मात्र नाही. खात्री नसेल तर त्यांची आधीची एखादी कमेंट पाहा, नाहीतर सोप्या मराठीत लिहा. इंदूरकर हिंदी माणसाला ‘चकली कधी हवी आहे?’ एवढं सहज कळतं.

‘जय जिनेंद्र’, ‘जय श्रीकृष्ण’, ‘राम राम सा’ असा नमस्कार आला तर तोच शब्द परत द्या. राजवाडा-सराफ्याच्या परिसरात जैन गिऱ्हाईक मोठं आहे. जय जिनेंद्रला जय जिनेंद्र म्हणणं ही दुकानाच्या काउंटरवरची नेहमीची रीत आहे, ती पेजवर सोडायचं कारण नाही. फराळाचं दुकान असेल तर या गिऱ्हाइकाचा पुढचा प्रश्न पुष्कळदा कांदा-लसणाबद्दल किंवा बटाट्याबद्दल असतो. त्यामुळे उत्तरातली ती एक माहिती तिथे तशी निवडता येते: “जय जिनेंद्र! आपका स्वागत है. चिवड़ा बिना लहसुन-प्याज़ का भी बनता है. कौन-सा बताऊँ?” पण ते खरंच वेगळ्या कढईत होत असेल तरच लिहा. उघडपणे लिहिलेलं वाचून दुसरेही त्या भरवशावर ऑर्डर देतात.

प्रत्येक नमस्काराखाली दोन्ही भाषांत उत्तर लिहायची गरज नाही. खालचा सगळा भाग त्याने जड होतो. सगळ्यांना लागणारी माहिती पोस्टमध्येच मराठी आणि हिंदीत असू द्या.

ताई म्हणावं, काकू म्हणावं की मॅडम? आणि नातेवाइकांनी नमस्कार केला तर?

फोटोवरून वय ओळखून ‘काकू’ किंवा ‘काका’ म्हणू नका. समोरासमोर ते प्रेमाचं असतं, पण लेखी आणि लोकांत वाचताना पस्तिशीच्या बाईंना ‘काकू’ खटकतं. ताई आणि दादा बहुतेक ठिकाणी निभावतात. नावावरून कळत नसेल तर नुसतं ‘नमस्कार!’ पुरे आणि पुढे सगळं ‘तुम्ही’. हिंदीत नावापुढे ‘जी’ लावलं की झालं.

इंदूरचा मराठी समाज एकमेकांच्या ओळखीचा आहे, त्यामुळे हा दुसरा प्रश्न खरा आहे. मावसकाका पेजवर लिहितात, ‘नमस्कार सूनबाई, मुंजीला येताय ना?’ पेजच्या नावाने उत्तर देताना नातं लपवू नका, ते विचित्र दिसतं. “नमस्कार काका! संध्याकाळी फोन करते,” एवढं लिहा. मुंजीचं बोलणं फोनवर. पेजवर घरगुती गप्पा लांबल्या की अनोळखी गिऱ्हाइकाला आपण दुसऱ्यांच्या ओसरीत शिरल्यासारखं वाटतं आणि ते आपला प्रश्न विचारायचं टाळतं.

नमस्कारानंतर लगेच ‘भाव काय?’ विचारलं. उघड सांगावा का?

सगळ्यांना एकच भाव असेल तर उघड सांगा. ‘भावासाठी मेसेज करा’ वाचलं की माणूस पाहून भाव ठरतो, असा संशय लोकांना येतो. फक्त भाव कशाचा आणि कधीपर्यंतचा, ते त्याच वाक्यात असू द्या, म्हणजे ‘साजूक तुपातली करंजी, अर्धा किलो, या दिवाळीचा भाव’. कमेंट वर्षानुवर्षं तिथेच राहते आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तिचा स्क्रीनशॉट घेऊन येतं.

लग्न-मुंजीच्या मोठ्या ऑर्डरीचा भाव माणसं, दिवस आणि अंतर यांवर ठरतो. तिथे तेच सांगा आणि फोनवर या म्हणा.

गिऱ्हाइकाने नमस्काराखालीच स्वतःचा नंबर आणि पत्ता लिहिला. काय करायचं?

आधी तो स्वतःकडे उतरवून घ्या, मग कमेंट काढा. इथे फेसबुकची एक गोष्ट माहीत असायला हवी. कमेंट ‘हाइड’ केली तर ती इतरांना दिसत नाही, पण लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रयादीतल्या लोकांना दिसतच राहते. म्हणजे नंबर अर्धवटच झाकला गेला. गिऱ्हाइकाची कमेंट आपल्याला बदलता येत नाही, त्यामुळे डिलीट हाच खरा उपाय. पण न सांगता डिलीट केली तर त्या माणसाला अपमान वाटतो. म्हणून पोस्टखाली वेगळी ओळ लिहा: “ताई, तुमचा नंबर घेतला आणि कमेंट काढली, म्हणजे तो अनोळखी लोकांना दिसणार नाही. आत्ता फोन करते.”

त्यांना पुन्हा नंबर लिहावा लागू नये म्हणून दुकानाचा नंबर आपणच द्या. व्हॉट्सअॅपची सरळ लिंक अशी बनते: wa.me/91 आणि त्याला जोडून दुकानाचा दहा आकडी नंबर, मध्ये जागा किंवा अधिकचं चिन्ह नको. ती दाबली की सरळ दुकानाशी बोलणं सुरू होतं.

कमेंट करणाऱ्याला पेजवरून आपणहून मेसेज पाठवता येतो का?

येतो. कमेंटखाली मेसेजचा पर्याय असतो. पण कमेंट आल्यापासून 7 दिवसांच्या आत आणि एका कमेंटसाठी एकच मेसेज जातो. समोरच्याने उत्तर दिलं तरच पुढे बोलता येतं. इन्स्टाग्रामवर ती व्यक्ती तुम्हाला फॉलो करत नसेल तर मेसेज तिच्या रिक्वेस्टमध्ये पडतो आणि तिला तो दिसेलच असं नाही. म्हणून उघड उत्तरात सांगून ठेवा, ‘मेसेज पाठवलाय, रिक्वेस्टमध्ये पाहा.’ मिळालेल्या एकाच मेसेजमध्ये नुसतं ‘नमस्कार’ लिहून तो वाया घालवू नका. नाव, दुकान आणि कशासाठी लिहिताय ते सगळं त्यातच असू द्या.

आमच्या पेजवर नमस्कार करणाऱ्यांना दुसरंच कुणीतरी आमच्या नावाने उत्तर देतंय. हे कसं ओळखायचं?

हे वाढलं आहे आणि त्याची वाट याच नमस्कारांतून जाते. ठग पेजचा लोगो उचलतो आणि एखादं अक्षर किंवा टिंब बदलून तसंच नाव घेतो. मग तुमच्या पोस्टखाली ‘नमस्कार’ लिहिणाऱ्यांची नावं पाहून त्यांना कमेंटखाली उत्तर देतो किंवा मेसेज करतो, ‘आपली ऑर्डर नक्की करण्यासाठी 500 रुपये आगाऊ भरा’, सोबत क्यूआर कोड. ज्याच्या नमस्काराला दुकानाने दिवसभर उत्तर दिलं नाही, तो इथे सहज फसतो. तो उत्तराची वाटच पाहत असतो.

ठग पुष्कळदा खऱ्या पेजलाच ब्लॉक करतो, म्हणून तुम्हाला तुमच्या फोनवर तो दिसत नाही. सणाच्या दिवसांत घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून आपल्या पोस्टखालच्या कमेंट रोज एकदा पाहा. फेसबुकवर तुमच्या स्वतःच्या पोस्टखाली तुम्ही दिलेल्या उत्तराला लेखकाची खूण असते. नकली खात्याला ती येत नाही. त्याच्या नावावर दाबलं की खातं नवं आणि पोस्ट दोन-चारच, हेही लगेच कळतं.

सापडलं की आधी स्क्रीनशॉट आणि त्या खात्याची लिंक जपून ठेवा. मग रिपोर्ट करा, कमेंट डिलीट करा, खातं ब्लॉक करा. ज्या माणसाला त्याने गाठलं, त्याच्या नमस्काराखाली तुमच्या पेजवरून लिहा: “नमस्कार दादा, आमच्या नावाने दुसऱ्या खात्यावरून पैसे मागितले जात आहेत, ते आम्ही नाही. आम्ही मेसेजमधून क्यूआर कोड पाठवत नाही.” हे वाक्य खरं राहील अशी पैसे घेण्याची पद्धतही ठेवा. तुम्हीच मेसेजमधून क्यूआर पाठवत असाल तर खरं-खोटं ओळखायला गिऱ्हाइकाकडे काहीच उरत नाही. कुणाचे पैसे गेलेच असतील तर त्यांना ताबडतोब 1930 वर फोन करायला आणि बँकेला कळवायला सांगा. तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढे जायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

दुकान बंद असताना नमस्कार आला तर?

रात्री अकराच्या नमस्काराला सकाळी उत्तर दिलं तरी चालतं. सणाचे दिवस वेगळे. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर असते, अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या निघतात. त्या वेळी तिथे गाडी नेता येत नाही. त्या दिवशी सकाळी आलेल्या नमस्काराला उत्तर देताना हीच माहिती द्या: “नमस्कार! आज गेरमुळे दुकान बंद आहे, उद्या सकाळी 10 पासून उघडं. काय काढून ठेवू?” बाहेरगावहून आलेल्या पाहुण्याला हे माहीत नसतं, तो राजवाड्यापर्यंत येऊन परत फिरतो.

दर वेळी तीच ओळ चिकटवली तर चालेल का?

नाही. इनबॉक्समध्ये चालून जाईल, तिथे प्रत्येकाला आपलीच ओळ दिसते. कमेंटमध्ये मात्र एकाखाली एक तेच वाक्य दहादा दिसतं. माहिती तीच ठेवा, फक्त शेवटचा प्रश्न बदला.

बाई दुकान चालवते म्हणून ‘हाय डिअर’, ‘हॅलो ब्यूटिफुल’ अशा कमेंट येतात. त्यांनाही उत्तर द्यायचं?

‘हाय डिअर’ला एकदा, दुकान म्हणून: “नमस्कार. फराळाची यादी वरच्या पोस्टमध्ये आहे.” ताई-दादा नाही, प्रश्न नाही, उद्गारचिन्ह नाही. त्याला खरंच फराळ हवा असेल तर तो फराळाचं बोलेल. नाही बोलला तर दुसऱ्या कमेंटला उत्तर न देता डिलीट करा आणि ब्लॉक करा. ‘ब्यूटिफुल’सारख्या कमेंटला पहिलंही उत्तर द्यायची गरज नाही. त्याच्याशी वाद घालू नका, त्या कमेंट दुसऱ्या गिऱ्हाईक बाया वाचतात आणि इथे लिहिलं तर आपल्यालाही असंच कुणी गाठेल असं त्यांना वाटतं.

उत्तर चुकून माझ्या स्वतःच्या खात्यावरून गेलं. राहू द्यावं का?

काढा आणि पेजच्या नावाने पुन्हा लिहा. गिऱ्हाइकाला अनोळखी नाव दिसतं, ते ठग आहे की दुकान ते कळत नाही, आणि तुमचं खासगी खातं सगळ्यांपुढे येतं. लिहिण्याच्या चौकटीशेजारी जो छोटा फोटो दिसतो, त्याच खात्यावरून उत्तर जातं. लिहिण्याआधी तो लोगो आहे ना, ते पाहायची सवय लावा.

पाठवलेलं उत्तर बदलता येतं का?

फेसबुकवर येतं, पण बदलल्याची खूण राहते आणि आधीचा मजकूरही पाहता येतो. अक्षर चुकलं असेल तर खुशाल सुधारा. भाव किंवा तारीख चुकली असेल तर जुनं तसंच ठेवून खाली नवं उत्तर लिहा: “वरची तारीख चुकली, ऑर्डर वसुबारसेपर्यंतच.” तोवर कुणी जुन्या भावाने ऑर्डर दिली असेल तर त्याला तोच भाव लावा.

दोन महिन्यांपूर्वीचा एक नमस्कार आज दिसला. आता उत्तर द्यावं का?

पोस्ट अजून लागू असेल, म्हणजे वर्षभर मिळणाऱ्या मसाल्यांची वगैरे, तर द्या: “नमस्कार, तुमची कमेंट आज पाहिली. गोडा मसाला आता ताजा केलाय, हवा असेल तर सांगा.” सरलेल्या दिवाळीच्या पोस्टखाली मात्र लिहू नका. नव्या उत्तराने जुनी पोस्ट पुन्हा लोकांसमोर येऊ शकते आणि जानेवारीत अनारशांची विचारणा सुरू होते.